काकू, बिल होल्डला टाकतो!

दिवाळीच्या आधीचा शनिवार, संध्याकाळचे साडेसात. सांगली-मिरजेकडच्या एखाद्या तीन काउंटरच्या किराणा सुपरमार्केटात या वेळी प्रत्येक रांगेत आठ-दहा जण ताटकळत असतात. पुढच्या बाईंचा माल स्कॅन होत आलेला असतो, तेवढ्यात काउंटरवरचा मुलगा सांगतो, "काकू, या साबणावर तीनवर एक फ्री आहे. तुम्ही तीनच आणलेत." काकू म्हणतात, "थांब रे, आलेच घेऊन." साबणाचं कपाट दुकानाच्या दुसऱ्या टोकाला. मुलगा एक बटण दाबतो, पडदा कोरा होतो आणि मागच्या गृहस्थांचं दूध-ब्रेड स्कॅन व्हायला लागतं.

यालाच दुकानाच्या भाषेत बिल होल्डला टाकणं म्हणतात. काकू परत आल्या की तेच बिल रिकॉल करायचं, म्हणजे पडद्यावर परत आणायचं आणि पुढे चालू करायचं. मधल्या चार-पाच मिनिटांत त्या बिलाचं नेमकं काय होतं, यावर काकूंना आणि दुकानदाराला बरोबर पैसे लागतात की नाही हे ठरतं. बहुतेक लोकांना वाटतं की बिल जसंच्या तसं गोठवून ठेवलं की झालं. पण काही गोष्टी जशाच्या तशा ठेवाव्या लागतात आणि काही गोष्टी परत आल्यावर नव्याने मोजाव्या लागतात. यात गल्लत झाली की चुकीचं बिलही अगदी बरोबर दिसतं.

काकूंचंच बिल पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण असं बिल रोज कुठेतरी होतंच. बेसनाच्या एक किलोच्या दोन पिशव्या, प्रत्येकी १०४ रुपये, म्हणजे २०८. सुटे पातळ पोहे सव्वा किलो, ७२ रुपये किलोने ९०. चहाचा अर्धा किलोचा पुडा २८० रुपये. तेलाच्या एक लिटरच्या पाच पिशव्या, प्रत्येकी १४८, एकूण ७४०. साबण तीन, ४० रुपयांचा एक, म्हणजे १२०. आणि खजुराचा एक डबा; त्याचा पुठ्ठा चेपलेला होता म्हणून मालकांनी स्वतः १८० चा १६० ला द्यायला सांगितलेला. बेरीज १,५९८ रुपये. त्यावर दुकानाची दिवाळीची सवलत: १,५०० च्या वरच्या खरेदीवर दोन टक्के, म्हणजे ३१ रुपये ९६ पैसे कमी. पडद्यावरचा आकडा १,५६६ रुपये. इथे बिल होल्डला गेलं.

काकू परत आल्या तेव्हा हातात चौथा साबण होता, ५५ रुपयांचं शेवेचं पाकीट होतं आणि कानाला फोन. घरून निरोप आला होता की तेल भरपूर आहे, इतकं आणू नकोस. "दोन पिशव्या काढ बाबा यातल्या."

आता हिशेब नीट केला तर असा होतो. चौथा साबण फुकट, त्याचे शून्य. शेव ५५ वाढली. तेलाचे २९६ कमी झाले. बेरीज १,३५७. ही दीड हजारांच्या खाली आली, त्यामुळे दोन टक्क्यांची सवलत गेली. काकूंनी द्यायचे १,३५७ रुपये.

पण समजा सॉफ्टवेअरने होल्ड करताना फक्त आकडे उतरवून ठेवले होते. तीन साबणांचे १२०, सवलतीचे ३१.९६, असे. रिकॉल केल्यावर जुन्या ओळींना ते हात लावत नाही, नव्या वस्तू फक्त खाली जोडतं. मग चौथा साबण नवी ओळ म्हणून ४० रुपयांना लागतो, कारण आधीचे तीन 'मोजून झालेले' असतात. आणि सवलतीचे ३१.९६ तसेच वजा होत राहतात. एकूण १,३६५. बरोबर उत्तराहून फक्त आठ रुपये जास्त! काकूंचे ४० रुपये गेले, दुकानाचे ३२ गेले, आणि दोन्ही चुकांनी एकमेकींना झाकून टाकलं. एवढ्या गर्दीत आठ रुपयांसाठी कोणी बिल उलगडून बघत नाही. रात्री गल्ला मोजताना तर काहीच सापडत नाही, कारण बिल १,३६५ चं आणि गल्ल्यात आलेही १,३६५.

म्हणून होल्ड केलेल्या बिलात घडलेलं साठवायचं, मोजलेलं नाही. कोणती वस्तू, किती नग, कोणत्या दराने, कोणी कोणती सूट कोणत्या कारणाने दिली, हे घडलेलं. बेरीज, टक्क्यांची सवलत, 'तीनवर एक' सारख्या योजना आणि कर हे सगळं मोजलेलं. ते रिकॉलच्या वेळी आणि त्यानंतर प्रत्येक नव्या वस्तूला पुन्हा पहिल्यापासून मोजलं गेलं पाहिजे. खजुराचे २० रुपये मात्र या दुसऱ्या गटात मोडत नाहीत. ते मालकांनी पुठ्ठा बघून ठरवले होते. पुन्हा मोजणीच्या भरात सॉफ्टवेअरने खजूर परत १८० ला नेला, तर मुलाला मालकांना शोधत फिरावं लागेल किंवा काकूंशी वाद घालावा लागेल. म्हणून हाताने दिलेली सूट तिच्या ओळीला चिकटलेली राहते, सोबत मंजुरी देणाऱ्याचं नाव आणि कारण. योजनेची सूट मात्र ओळीला चिकटवायची नसते.

चहाच्या पुड्याची गोष्ट याहून नाजूक आहे. कंपनीने किंमत वाढवली की नवा माल ३०० छापून येतो, पण कपाटात २८० चे जुने पुडे शिल्लक असतात. दोन्हींवरचा बारकोड बहुतेक वेळा एकच, आपल्याकडच्या बहुतेक मालावर असतो तसा 890 ने सुरू होणारा. बारकोडमध्ये किंमत नसतेच. त्यामुळे स्कॅन केल्यावर पडद्यावर छोटी खिडकी उघडते, २८० की ३००, आणि मुलगा पुडा उलटा करून छापील किंमत वाचतो, मग निवडतो. ही निवड माणसाने डोळ्यांनी केलेली असते, ती दुसरीकडे कुठेच नोंदलेली नसते. होल्ड करताना फक्त बारकोड साठवला, तर रिकॉलच्या वेळी सॉफ्टवेअर गुपचूप सर्वांत नवी किंमत उचलतं. २८० छापलेल्या पुड्याचे ३०० लागतात. छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेणं हा वजनमापे कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो इथे कोणाच्याही मनात नसताना घडतो. काउंटरवर काम केलेली माणसं म्हणूनच रिकॉल झाल्यावर आधी दोन किमतींचा माल तपासतात.

सुट्या मालाचं गणित आणखी निराळं. पोहे काट्यावर तोलले की स्टिकर निघतो आणि त्यावरचा बारकोड दुकानाने स्वतः बनवलेला असतो. जगभर २ ने सुरू होणारे असे आकडे दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी मोकळे ठेवलेले आहेत. काकूंच्या पिशवीवर 2100457012507 असा आकडा आहे असं धरू. या दुकानाच्या पद्धतीप्रमाणे सुरुवातीचे 21 म्हणजे तोललेला माल, 00457 म्हणजे पातळ पोहे, 01250 म्हणजे ग्रॅम, आणि शेवटचा 7 हा बाकीच्या बारा आकड्यांवरून काढलेला पडताळणीचा अंक. काही दुकानं वजनाच्या जागी रुपये घालतात. रुपये असतील तर प्रश्न मिटला. पण वजन असेल तर दर कुठून तरी आणावा लागतो, आणि काकू साबण आणायला गेल्या त्याच मिनिटाला ऑफिसातल्या माणसाने पोह्यांचा दर ७२ चा ७६ केला असेल तर? नव्याने मोजलं तर ९५ होतात आणि पिशवीवरच्या स्टिकरवर ९० छापलेलं आहे.

इथे दुकानाने काहीतरी एक ठरवावं लागतं. माझ्या मते न्यायाचा नियम हा की ग्राहकाला जो दर दाखवला तो त्या दिवसापुरता दुकानावर बांधील राहतो. दर उतरला असेल तर मात्र नवा कमी दर द्यावा, कारण शेजारच्या रांगेत तोच माल स्वस्तात जाताना काकू बघत असतात. बरीच दुकानं हा गुंता मुळातच टाळतात. ती दिवसाचे दर सकाळी एकदाच चढवतात आणि मध्ये बदलत नाहीत.

दराला हा नियम चालतो, कराला चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हा हे ठळकपणे समोर आलं. अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली, तूप-लोणी १२ वरून ५ वर. आदल्या रात्री कोणाचं बिल होल्डला राहिलं असेल आणि ते २२ तारखेला सकाळी उघडलं असेल, तर माल, पैसे आणि बिल तिन्ही नव्या तारखेचे, म्हणून कर नव्या दराने. ज्यांच्या सॉफ्टवेअरने कराचा टक्का होल्डमध्ये गोठवला होता, त्यांच्याकडे असं बिल जुन्याच टक्क्याने निघणार. बिलावरच्या दोन टक्क्यांच्या सवलतीचाही कराशी संबंध आहे. बिलावर दाखवलेली सवलत वजा करून उरलेल्या रकमेवर कर बसतो, आणि प्रत्येक वस्तूचा कराचा दर वेगळा असू शकतो. त्यामुळे ती सवलत आतल्या आत प्रत्येक ओळीवर वाटावी लागते. रिकॉलनंतर एक ओळ काढली की सगळी वाटणी पुन्हा करावी लागते. हे काम माणसाचं नाही, पण ते यंत्र करतं आहे ना, हे बघणं माणसाचं काम आहे.

आता पडद्याबाहेर येऊ, कारण माल हरवतो तो बहुतेक वेळा काउंटरच्या फळीवर. होल्ड करण्याच्या क्षणी मुलाच्या हातात एक वस्तू असते: स्कॅन झाली की नाही, 'बीप' वाजलं की नाही? मागे चार माणसं बोलत असतात. अनुभवी मुलगा हातातली वस्तू पूर्ण केल्याशिवाय होल्डचं बटण दाबत नाही. मग झालेला माल एका पिशवीत किंवा बास्केटमध्ये घालून काउंटरमागे ठेवतो, न झालेला ग्राहकाकडेच राहतो. दोन्ही एका ढिगात ठेवले की संपलं. होल्डची छोटी चिठ्ठी निघत असेल तर ती बास्केटला टाचतात. त्यावर होल्डचा क्रमांक, वेळ, काउंटर आणि नगांची संख्या असते. छापायची सोय नसेल तर मोबाइलचे शेवटचे चार आकडे टाकून बिल ठेवतात. 'निळी साडी' असं नाव देणारेही आहेत. दिवाळीच्या शनिवारी निळ्या साड्या बऱ्याच येतात.

नगांची संख्या हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी पुरावा आहे. काकूंच्या होल्डवर बेसन २, पोहे १, चहा १, तेल ५, साबण ३, खजूर १ असे १३ नग होते. रिकॉल झाल्यावर नवं काही स्कॅन करण्याआधी बास्केटमधले नग मोजायचे. तेरा भरले की पुढे. हे आधीच करावं लागतं, नंतर केलं तर फसगत होते. काकूंचंच बघा: साबण एक वाढला, शेव एक वाढली, तेलाच्या दोन पिशव्या गेल्या, शेवटी पुन्हा १३च. शेवटी मोजणाऱ्याला आकडा जुळतो, पण त्या तेरांत काय आहे ते कळत नाही.

आणि तेलाच्या त्या दोन पिशव्या बिलातून काढायच्या कशा? पाचची ओळ पुसून नव्याने तीन टाकणं आणि पाचातून दोन कमी करणं यात पडद्यावर फरक दिसत नाही. नोंदीत दिसतो. पुसलेल्या ओळीची नोंद उरली नाही, तर रात्री मालकांना हे बिल कधी काळी १,५९८ चं होतं हे कळायला मार्ग राहत नाही. तो का लागतो, ते पुढे येईल.

साबण घेऊन आलेल्या काकू कधीकधी दुसऱ्याच, मोकळ्या काउंटरला जाऊन उभ्या राहतात. माणसाचं तसंच असतं. त्यामुळे होल्डची यादी सगळ्या काउंटरवर दिसायला हवी, म्हणजे ती एका मशीनवर न राहता दुकानाच्या मुख्य मशीनवर राहायला हवी. मग नवा धोका येतो: काउंटर दोनने बिल उघडलं आणि त्याच वेळी काउंटर एकच्या मुलानेही, काकू आल्या असतील असं समजून, तेच उघडलं. दोघांनी पूर्ण केलं तर एका मालाची दोन बिलं होतात, साठ्यातून दुप्पट माल वजा होतो. यावर उपाय कुलपाचा आहे. एका काउंटरने बिल उघडलं की ते यादीत 'काउंटर २ वर चालू' असं दिसतं आणि दुसऱ्याला उघडता येत नाही. काउंटर दोनची वीज गेली तर कुलूप अडकून राहू नये, म्हणून ते मालकांच्या पासवर्डने सोडवता यायला हवं.

होल्डला बिल क्रमांक द्यायचा नसतो. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलांचे क्रमांक त्या आर्थिक वर्षात सलग आणि न दुहेरावता चालावे लागतात, १६ अक्षरांच्या आत. होल्ड करतानाच ४,८१२ क्रमांक दिला आणि काकू परत आल्याच नाहीत, तर तो क्रमांक रद्द दाखवावा लागतो. महिन्याच्या विवरणात दिलेल्या आणि रद्द केलेल्या क्रमांकांचा हिशेब द्यावा लागतो, आणि दिवाळीच्या आठवड्यात असे शंभर-दीडशे रद्द क्रमांक साठले की कर सल्लागाराचा फोन येणार. होल्डची मालिका वेगळी ठेवायची, ह-१७ वगैरे, आणि खरा क्रमांक पैसे घेऊन बिल छापताना.

पैशाचा विषय निघालाच आहे तर एक सक्त नियम: पैसे द्यायला सुरुवात झाली की होल्ड नाही. काकूंनी क्यूआर स्कॅन केला, त्यांच्या खात्यातून पैसे गेले, पण काउंटरवरच्या स्पीकरने घोषणा केली नाही. रांग कुरकुरते म्हणून मुलाने बिल होल्डला टाकलं. पुढच्या गृहस्थांचं बिल चालू असताना स्पीकर ओरडला, 'एक हजार तीनशे सत्तावन्न रुपये प्राप्त झाले.' हे कोणाचे? दुकानात भिंतीवर चिकटवलेला एकच क्यूआर असेल तर यंत्राला माहीत नसतं. बिलागणिक नवा क्यूआर पडद्यावर येत असेल तर त्यात बिलाची खूण असते आणि पैसे आपोआप योग्य बिलाला लागतात. तशी सोय नसेल तर काकूंना बाजूला थांबवून त्यांच्या मोबाइलवरचा व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक बिलावर नोंदवायचा, आणि ते बिल होल्डच्या यादीत न टाकता 'पैसे तपासायचे' अशा वेगळ्या यादीत ठेवायचं.

पुसलेल्या ओळींची नोंद कशासाठी, याचं उत्तर इथेच आहे. घाईतल्या ग्राहकाने ४६० रुपये सुटे मोजून दिले, बिल न घेताच गेला. बिल पूर्ण करण्याऐवजी ते होल्डला टाकायचं आणि तासाभराने पुसायचं, की ४६० रुपये कोणाच्याच हिशेबात नाहीत. हे नवीन नाही, मालकांना ठाऊक असतं. ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या: एकाच मुलाच्या काउंटरवर पुसलेली होल्ड बाकीच्यांपेक्षा खूप जास्त, ती बहुतेक लहान रकमांची, आणि पुसण्याची वेळ दुकान बंद व्हायच्या जरा आधीची. नुसता आकडा बघून मुलावर आळ घेऊ नये. ज्याच्या काउंटरला भाजी-दूधवाली घाईची गिऱ्हाइकं येतात त्याची होल्ड जास्तच असणार. कॅमेऱ्याच्या चित्रणाशी वेळ ताडून बघितली की खरं काय ते दिसतं: त्या वेळी काउंटरसमोर माल पडून राहिला होता की पिशवी घेऊन माणूस गेला होता. म्हणून पूर्ण होल्ड पुसायला मालकांचा पासवर्ड, आणि पुसलं तरी आतली यादी नोंदीत शिल्लक.

रात्री गल्ला बंद करण्याआधी होल्डची यादी रिकामी झाली पाहिजे. बेवारस बास्केटमधलं पनीर, दही, आइस्क्रीम मात्र रात्रीची वाट बघत नाही. असा माल होल्डमध्ये असेल तर तो ताबडतोब फ्रिजात जातो आणि चिठ्ठीवर 'थंड माल फ्रिजात' लिहिलेलं असतं. बाकीचा माल कपाटात परत.

नवं बिलिंग सॉफ्टवेअर घ्यायला निघालेल्या दुकानदारासमोर विक्रेता शांत ऑफिसात चार वस्तूंचं बिल करून दाखवतो, होल्ड करतो, रिकॉल करतो, सगळं छान. त्याच्यासमोरच परीक्षा घ्यावी. काकूंचं बिल त्याला घालायला लावावं: दोन किमतींचा चहा, तोललेले पोहे, हाताने दिलेली सूट, अपुरी राहिलेली 'तीनवर एक' योजना, रकमेवर अवलंबून सवलत. बिल होल्ड करायचं आणि मशीनची वायर भिंतीतून उपटायची. बंद करायचं नाही, उपटायची. मग दुसऱ्या काउंटरवर जाऊन ते उघडायचं, चौथा साबण आणि शेव घालायची, तेलाच्या दोन पिशव्या काढायच्या. पडद्यावर १,३५७ यायला हवेत, आणि नोंदीत सापडायला हव्यात काढलेल्या तेलाच्या दोन पिशव्या, त्यांच्या वेळेसकट. १,३६५ आले तर विक्रेता म्हणेल, "साहेब, आठच रुपयांचा फरक आहे." तेव्हा त्याला ते आठ कुठून आले ते कागदावर मांडायला सांगायचं.